शस्त्रक्रियेनंतर घरी : स्वतंत्र परिचारिकेचे काम आणि त्याच्या मर्यादा

(आरोग्य संवाद कार्यक्रमातील भाषण)



रुग्णालयातून रुग्ण घरी येतो, तेव्हा डॉक्टरांची दररोजची फेरी थांबते. शुश्रूषेची गरज मात्र थांबत नाही. ही गरज भागवून अनेक प्रशिक्षित परिचारिका आज स्वतंत्र उत्पन्न मिळवू पाहत आहेत. हे काम प्रत्यक्षात कसे असते, ते गुडघ्याच्या सांधेरोपणाच्या एका उदाहरणातून सांगते.

स्वतंत्र कामाच्या आरंभीच्या काळात अडुसष्ट वर्षांच्या एका आजींची शुश्रूषा मी स्वीकारली. शस्त्रक्रियेनंतर चौथ्या दिवशी त्या घरी आल्या. पहिल्या भेटीत मी डिस्चार्ज कार्ड वाचले आणि तीन गोष्टी वहीत उतरवल्या : कोणते औषध किती दिवस, टाके केव्हा काढायचे आणि अडचण आल्यास कोणाला दूरध्वनी करायचा. हे कार्ड पाहिल्याशिवाय काम सुरू करू नये. औषध किंवा इंजेक्शन डॉक्टरांच्या लेखी सूचनेनुसारच द्यावे आणि इंजेक्शन केवळ नोंदणीकृत परिचारिकेनेच द्यावे. मदतनीसाने स्नान, हालचाल, आहार आणि नोंदी यांपुरतेच काम करावे.

दररोजची तपासणी साधी होती. प्रथम ताप, नाडी व रक्तदाब, मग जखम. लाली पसरणे, पू किंवा दुर्गंधी येणे, कमी होत आलेल्या वेदना पुन्हा वाढणे अथवा ३८ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक ताप, ही संसर्गाची लक्षणे होत. त्यानंतर पाय. घरच्यांनी मायेपोटी गुडघ्याखाली उशी ठेवली होती. तशी सवय लागल्यास गुडघा वाकलेल्या स्थितीतच आखडतो. म्हणून ती उशी काढून टाचेखाली ठेवली.

पाचव्या भेटीत आजी म्हणाल्या, "पोटरी फार ठणकते गं, जरा चोळून दे." मी चोळले नाही. गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून १० सेंटीमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर फितीने मोजला. शस्त्रक्रिया झालेल्या पायाचा घेर ३.५ सेंटीमीटरने जास्त भरला. अशा शस्त्रक्रियेनंतर पायाला थोडी सूज असतेच. परंतु पहिल्या भेटीत हाच फरक १ सेंटीमीटर होता, आणि तो वहीत लिहिलेला होता. मग गोळ्या मोजल्या. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रोज रात्री एक, अशा १४ गोळ्या दिल्या होत्या. चार रात्री गेल्यावर १० उरायला हव्या होत्या. उरल्या होत्या १२. "दुखणं कमी झालं, म्हणून औषधं कमी केली," असे सूनबाईंनी सांगितले. ती गोळी वेदनेची नव्हतीच.

मी लगेच शल्यचिकित्सकांना मोजमाप व चुकलेल्या गोळ्या कळवल्या. त्याच दिवशी रुग्णालयात डॉपलर तपासणी झाली. शिरेत गुठळी आढळली आणि उपचार सुरू झाले. पोटरी चोळली असती, तर गुठळी सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका होता. अचानक धाप लागली, छातीत दुखले किंवा खोकल्यातून रक्त पडले, तर दूरध्वनीची वाट न पाहता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. माझीही चूक इथे सांगायला हवी. मी गोळ्या पहिल्या भेटीपासून रोज मोजल्या असत्या, तर दुसरी गोळी चुकलीच नसती. तेव्हापासून मोजणी ही माझ्या नोंदीतील पहिली ओळ आहे.

आता मोबदल्याविषयी. तो पहिल्याच दिवशी लेखी ठरवावा. समजा, पहिल्या आठवड्यात रोज व दुसऱ्या आठवड्यात तीनदा, अशा १० भेटी ठरल्या आणि प्रत्येक भेटीचे ५०० रुपये. एकूण ५,००० रुपये. प्रवासाचे ५० रुपये प्रत्येक भेटीला, म्हणजे ५०० वजा केल्यास ४,५०० उरतात. प्रवासासह प्रत्येक भेटीला दोन तास लागत असतील, तर २० तासांचे हे उत्पन्न ताशी २२५ रुपये पडते. हा हिशेब न करता दर सांगितला, तर घाईत फेऱ्या वाढवाव्या लागतात आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो. हातमोजे व मलमपट्टीचे साहित्य कुटुंबाने बिलाप्रमाणे आणावे. वापरलेल्या सुया टोचणार नाहीत अशा जाड, झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात.

कुटुंबीयांना एक विनंती. परिचारिकेला कामावर ठेवताना तिचे राज्य परिचर्या परिषदेचे नोंदणी प्रमाणपत्र पाहावे आणि तिची वही रोज वाचावी. आजींच्या घरी ती वही नसती, तर पोटरीची सूज नवी की जुनी, हे त्या सकाळी कोणालाच सांगता आले नसते.