हुपरीच्या पैंजणांचे कर-बीजक

वस्तू व सेवा करात चांदीच्या दागिन्यांवर 3 टक्के दर असून, कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरीच्या व्यापाऱ्याने 10,500 रुपयांच्या पैंजणांवर बीजकातच 500 रुपये सूट दाखवली, तर पहिल्या पायरीत ती वजा करून 10,000 रुपये हे करपात्र मूल्य, म्हणजे ज्यावर कर आकारायचा ती रक्कम, ठरते. दुसऱ्या पायरीत 300 रुपये कर येतो आणि तिसऱ्या पायरीत बीजकाची एकूण रक्कम 10,300 रुपये होते. माल कोल्हापुरातच पोहोचवायचा असेल, तर हा कर केंद्र व राज्य यांचा प्रत्येकी 150 रुपये असा विभागून लिहिला जातो; मात्र माल बेळगावला, म्हणजे कर्नाटकात, पाठवायचा असेल, तर 300 रुपयांचा एकच एकात्मिक कर लागतो.

अशा गणिताच्या प्रश्नात 10,300 ही करासहित किंमत दिलेली असल्यास विद्यार्थी तिच्यावरच 3 टक्के काढून 309 लिहितात, परंतु त्या किमतीत कर आधीच मिसळलेला असल्याने तिला 103 ने भागून 100 ने गुणावे लागते. मिळालेल्या 10,000 वर 3 टक्के मिळवताच करासहित किंमत परत आली, की उत्तराचा ताळा जुळतो.