दागिन्याला चिठ्ठी कोणती लावावी?

आमच्या शेजारच्या वहिनी नथी करतात. पितळेची बारीक तार, कृत्रिम मोती, मधे एखादा लाल-हिरवा खडा आणि हातात छोटी चिमटी, एवढ्यावर त्यांचे दुकान चालते. दुकान म्हणजे तरी काय? घरातले एक टेबल आणि इन्स्टाग्रामवरचे एक खाते. एके दिवशी त्या मोबाइल घेऊन आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “भावोजी, मी प्रत्येक फोटोखाली तीस-तीस हॅशटॅग लावले. आता ते म्हणतं, पाचच लावा. त्यात आणि आज एका बाईंना पैसे परत करावे लागले. जरा बघता का?”

आपल्यापैकीही कित्येकजणी घरी दागिने करून विकत असतील. म्हणून वहिनींच्या त्या यादीचे काय झाले, ते आज सांगतो.

हॅशटॅग म्हणजे # या खुणेला जोडून, मधे जागा न सोडता लिहिलेला शब्द. एका विषयावरचे बोलणे एकत्र सापडावे म्हणून ख्रिस मेसिना यांनी 2007 च्या ऑगस्टमध्ये ट्विटरवर ही युक्ती सुचवली. इन्स्टाग्रामवर ती 2011 पासून आहे. तिथे पुष्कळ वर्षे एका फोटोला तीस हॅशटॅग चालत. पुढे 2021 मध्ये खुद्द इन्स्टाग्रामनेच तीन ते पाच पुरेत असा सल्ला दिला, आणि 2025 च्या डिसेंबरात मर्यादाच पाचांवर आणली. वहिनींना ही अडचण वाटली. मला विचाराल तर, ही त्यांची सोयच झाली.

कशी, ते पाहा. ग्रंथालयात पुस्तकाला विषयाची चिठ्ठी लावतात. ती पुस्तकाची जाहिरात नसते. पुस्तक कोणत्या कपाटात ठेवायचे, एवढेच ती सांगते. हॅशटॅगही तसाच. तो दवंडी पिटत नाही. पाककृतीच्या पुस्तकाला तीस विषयांच्या चिठ्ठ्या लावल्या, म्हणून ते तीसपट वाचले जाईल काय? ते चुकीच्या कपाटात मात्र जाईल.

वहिनींच्या यादीत नेमके हेच झाले होते. ती यादी त्यांनी दुसऱ्या एका दुकानाच्या फोटोखालून उतरवून घेतली होती. तिच्यात #love होता, #fashion होता, #handmade होता. #handmade च्या कपाटात साबण, पिशव्या, मेणबत्त्या, सगळेच. तिथे फिरणारे बहुतेक स्वतःच काही ना काही करून विकणारे. ते कौतुक करतात, नथ विकत घेत नाहीत. #nath हा शब्द तर अगदी योग्य वाटेल, नाही का? पण नाथसंप्रदाय, जगन्नाथ, नाथ आडनावाची माणसे, ही मंडळीही त्याच अक्षरांनी लिहिली जातात. त्या गर्दीत नथ सापडायची कशी?

आणि त्याच यादीत #realpearls हाही होता. परगावच्या एका बाईंनी मुलीच्या लग्नासाठी नथ मागवली. हातात पडल्यावर त्यांनी विचारले, “मोती खरे नाहीत का हो?” वहिनींनी फोटोखाली मोती खरे असे कुठेच लिहिले नव्हते, पण त्या चिठ्ठीने ते सांगितलेच होते. पैसे परत गेले, आणि लग्नाला चार दिवस उरले असताना त्या आईला दुसरी नथ शोधावी लागली. तेव्हा पहिला नियम असा की, जो शब्द आपण गिऱ्हाइकाला तोंडावर सांगू शकत नाही, तो हॅशटॅग म्हणून लावू नये. सोने, चांदी, खरे मोती हे शब्द तर विशेष जपून.

आता पाच चिठ्ठ्या कोणत्या? आम्ही वहिनींची एकच नथ समोर ठेवली. ब्राह्मणी घाट, आणि नाक टोचलेले नसले तरी बसेल अशी दाबाची. पहिला हॅशटॅग वस्तूच्या नेमक्या नावाचा: #brahmaninath. दुसरा गिऱ्हाइकाच्या अडचणीचा: #cliponnath, कारण नाक न टोचलेली मुलगी हेच शोधत असते. तिसरा प्रसंगाचा: #maharashtrianbride. मंगळागौरीच्या दिवसांत तो बदलून #मंगळागौर करावा. देवनागरीतही हॅशटॅग चालतो. चौथा गावाचा, म्हणजे प्रत्यक्ष येऊन पाहणाऱ्यांसाठी. पाचवा स्वतःच्या दुकानाच्या नावाचा. तो अनोळखी माणूस शोधणार नाही, हे खरे. पण नथ घातलेले फोटो गिऱ्हाइकांनी त्याच नावाने टाकले, तर ते एका जागी जमतात.

शब्द लावण्यापूर्वी एक परीक्षा करावी. तो शोधाच्या चौकटीत लिहावा आणि वर येणारे पहिले दहा-बारा फोटो नीट पाहावेत. त्यांच्या शेजारी आपली नथ शोभेल काय? शोभत असेल तर कपाट बरोबर. तिथे मंदिरे, मोटारी किंवा दुसऱ्याच घडणीचे दागिने दिसले तर शब्द सोडून द्यावा. लक्षावधी फोटोंच्या कपाटापेक्षा काही हजारांचे कपाट लहान दुकानाला बरे. तिथे आपला फोटो लगेच खाली दबत नाही.

लिहिण्यात दोन चुका वारंवार होतात. #brahmani nath असे मधे जागा सोडून लिहिले, की हॅशटॅग #brahmani एवढाच होतो आणि नथ बाहेर राहते. आडवी रेघ घातली तरी तेच. लहान-मोठ्या अक्षरांचा फरक मात्र पडत नाही. #BrahmaniNath लिहिले तर उलट वाचायला सोपे जाते.

आता जागा. पुष्कळजणी हॅशटॅग फोटोखालच्या पहिल्या प्रतिक्रियेत लपवतात, मजकूर स्वच्छ दिसावा म्हणून. शोधात सापडायचे असेल तर ते मूळ मजकुरातच लिहावेत, असे इन्स्टाग्रामनेच सांगितले आहे. आधी दोन साधी वाक्ये लिहावीत आणि शेवटी पाच हॅशटॅग. त्या वाक्यांतही वस्तूचे नाव हवेच, कारण शोध मजकुरातले शब्दही पाहतो. आम्ही लिहिले: “दाबाची ब्राह्मणी नथ. कृत्रिम मोती, पितळेची तार, हाताने गुंफलेली. नाक टोचलेले नसले तरी बसते.” खाते मात्र सर्वांसाठी खुले असावे, खाजगी खात्यातले फोटो बाहेरच्यांना हॅशटॅगखाली दिसतच नाहीत.

एवढे करून विक्री दुप्पट होईल काय? तसे वचन मी देणार नाही. पूर्वी एखादा हॅशटॅगच अनुसरता येई. 2024 च्या डिसेंबरात ती सोयही गेली. फोटो अंधुक असेल, किंमत लिहिलेली नसेल, तर चिठ्ठी काय करणार?

म्हणून वहिनींनी एक वही घातली आहे. कोणी विचारणा केली की त्या विचारतात, “आमची नथ कुठे पाहिलीत?” आणि उत्तर टिपून ठेवतात. महिन्याभरात सहा विचारणा आल्या. दोघी मैत्रिणीकडून ऐकून आलेल्या, एक गावातलीच. उरलेल्या तिघींनी एकच सांगितले: नाक टोचलेले नाही, म्हणून दाबाची नथ शोधत होतो. मोती खरे आहेत का, असे मात्र सहांपैकी एकीनेही विचारले नाही.