तापात थंड पाण्याने पुसू नये ते का
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)

पोराला ताप चढला की आपल्या घरांतून पहिली हाक येते ती पट्ट्यांची. आजी मिठाच्या पाण्याच्या घड्या करते, कोणी फ्रिजमधलं पाणी आणतं, कोणी कपाटातला जुना युडीकोलन शोधतं. हेतू चांगलाच असतो, पण पोर रडतं, दात वाजवतं आणि अर्ध्या तासाने पुन्हा तेवढंच तापतं. असं का होतं ते आज पाहू.

मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. त्याचं काम गिझरच्या थर्मोस्टॅटसारखं आहे. एरवी हा काटा ९८-९९ अंशांच्या आसपास असतो. जंतुसंसर्ग झाला की शरीर स्वतःच तो वर नेतं, समजा १०२ वर. मग ९९ अंशांचं शरीर मेंदूला ‘गार’ वाटू लागतं. कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, हातपाय थंड पडतात, हुडहुडी भरते. स्नायूंची ती थरथर म्हणजे उष्णता तयार करण्याची धडपड.

आता गिझरचा काटा वर ठेवून आत गार पाणी सोडलं तर तो काय करील? आणखी जोराने पेटेल. शरीरही तेच करतं. थंड पाण्याने कातडी गार होते, वाहिन्या आणखी आकसतात, आतली उष्णता आतच कोंडते, थरथर वाढते. वरून हात लावणाऱ्याला ताप उतरला असं वाटतं, पण आतला ताप तसाच राहतो, कधी वाढतोही. कोमट पाण्याने हे कमी होतं, पण मिळणारा उतार थोडा आणि तात्पुरता असतो. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या सूचनांत तर तापासाठी कोमट पाण्यानेही पुसू नये असंच आहे. युडीकोलन किंवा स्पिरिट मात्र मुळीच नको. त्यातलं अल्कोहोल कातडीतून आणि श्वासातून लहान मुलाच्या रक्तात जाऊ शकतं.

काटाच खाली आणायचा तर औषध लागतं, पॅरासिटामॉल. ते वजनावर द्यायचं, वयावर नाही. एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅम. समजा, अडीच वर्षांचा नातू १२ किलोचा आहे. त्याला १८० मिलिग्रॅम हवं. आता बाटली वाचा, कारण चूक इथेच होते. ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असेल तर साडेसात मिलिलिटर द्यायचं. २५० मिलिग्रॅमची बाटली असेल तर साडेतीनपेक्षा किंचित जास्त, ३.६ मिलिलिटर. जुन्या बाटलीच्या अंदाजाने नवी वापरली की दुप्पट डोस जातो. स्वयंपाकघरातला चमचा नको, मापाची सिरिंज घ्या. दोन डोसांत निदान चार तास आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत. आईने दिलं, आजीनेही दिलं असं होऊ नये म्हणून वेळ कागदावर लिहून फ्रिजवर लावा. सर्दीच्या औषधातही पॅरासिटामॉल असतं, तेही वाचा. परिणाम दिसायला अर्धा-पाऊण तास लागतो. आणि पोर १०१ लाही खेळत असेल तर औषधाची घाई नको. आपण आकडा नव्हे, त्याचा त्रास कमी करतो आहोत.

त्या पाऊण तासात काय? पोराचे हातपाय गार आहेत आणि ते कुडकुडतंय, तर ताप चढतोय. पातळ चादर द्या. अंग सगळीकडे तापलं, घाम आला, की चादर काढा, सुती बनियन ठेवा, पंखा मंद लावा. शाल, स्वेटर, कानटोपी काढाच, त्याने ताप ‘घामावाटे निघत’ नाही. पाणी, पेज, वरणाचं पाणी घोट घोट पाजत राहा. अंगावर पिणाऱ्या बाळाला वारंवार पाजा. जेवणाची सक्ती नको. कपाळावरची ओली घडी पोराला आवडत असेल तर ठेवा, नळाच्या पाण्याची. ताप तिने जात नाही, पण बरं वाटतं.

ताप मेंदूत चढून फिट येईल ही भीती घरोघर असते. ताप उतरवल्याने फिट टळते असं आढळलेलं नाही. ना पट्ट्यांनी, ना औषधाने. फिट आलीच तर पोराला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ पाहा. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट रुग्णालय. थांबली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

एक अपवाद सांगतो. मे महिन्यात उन्हात किंवा बंद गाडीत राहून पोर तापलं, गुंगीत गेलं, तर तो ताप नव्हे, उष्माघात आहे. तिथे काटा वर गेलेलाच नसतो, शरीर बाहेरून तापलेलं असतं. तिथे पॅरासिटामॉल निरुपयोगी. पोराला सावलीत न्या, कपडे काढा, पाण्याने अंग भिजवा, वारा घाला आणि रुग्णालयाकडे निघा.

तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ च्या वर ताप म्हणजे त्याच दिवशी डॉक्टर. मोठ्या मुलात जोराचा श्वास, लघवी कमी, मान ताठ, अंगावर दाबूनही न फिकटणारे लाल-जांभळे डाग, हाक मारून न उठणारी सुस्ती यांपैकी काही दिसलं तर आकडा कितीही असो, निघा. हे दिवस डेंग्यूचे आहेत. डॉक्टरांना विचारल्याशिवाय आयबुप्रोफेन देऊ नका, ॲस्पिरिन तर नाहीच. आणि ताप उतरला पण पोट दुखतंय, उलट्या होताहेत, पोर मलूल आहे, तर तो उतार खरा मानू नका.