दहा टक्के कशाचे?



ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचे दहा टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात, हे आता महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत बहुतेकांना ऐकून माहीत आहे. बचत गटाच्या बैठकीत त्याचा उल्लेख होतो, प्रशिक्षणात सांगितले जाते, महिला सदस्य ठासून बोलतात. पण गावात या निधीचा नेमका आकडा विचारला, की उत्तर सहसा येत नाही. आणि आकडा कळला, तरी तो कसा काढला आणि कुठे गेला हे विचारायचे कसे, ते ठाऊक नसते. आज मला तेवढेच सांगायचे आहे. यासाठी हिशेबनीस असण्याची गरज नाही. बेरीज-वजाबाकी येत असली की पुरे.

पहिली गोष्ट, हे दहा टक्के कशाचे? ते ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नाचे. घरपट्टी, दिवाबत्ती कर, गाळ्यांचे भाडे, आठवडे बाजाराची वसुली असे जे पैसे पंचायत स्वतः गोळा करते, त्यांचे. वित्त आयोगाचा जो मोठा निधी केंद्राकडून येतो, तो या हिशेबात धरलेला नसतो.

एक गाव कल्पनेने डोळ्यांसमोर आणू. आकडे मी सोपे घेते आहे, पण अंदाजपत्रकांत ते साधारण याच चालीने मांडलेले असतात. अंदाजपत्रक म्हणजे नमुना 1. त्यात पंचायतीने लिहिले, की यंदा स्वउत्पन्न 9 लाख रुपये होईल. म्हणून महिला व बालकल्याणासाठी तरतूद 90 हजार. ग्रामसभेत हा आकडा वाचून दाखवला जातो. प्रत्यक्षात मार्चअखेर वसुली होते 6 लाख. म्हणजे देणे झाले 60 हजार. घरपट्टीची थकबाकी जितकी जास्त, तितका बायकांचा वाटा कमी. हा संबंध फारसा कोणी बोलून दाखवत नाही. थकबाकीदारांच्या यादीत गावातली वजनदार नावे असतील, तर त्यांच्या न भरलेल्या कराचा दहावा भाग अंगणवाडीच्या आणि महिलांच्या वाट्यातून गेला, असा त्याचा सरळ अर्थ आहे.

आता या 60 हजारांचा माग काढू. त्यासाठी ग्रामपंचायतीच्या दप्तरात एक स्वतंत्र कागद आहे, नमुना 28. मागासवर्गीयांसाठीचे पंधरा टक्के आणि महिला-बालकल्याणाचे दहा टक्के यांवर किती खर्च झाला, याचे हे मासिक विवरण. मासिक, म्हणजे दर महिन्याला लिहायचे. एप्रिलपासून फेब्रुवारीपर्यंत हा नमुना कोरा असेल आणि सगळा खर्च मार्चमध्ये उगवला असेल, तर वर्षभर कोणाला या पैशांची आठवण नव्हती हे तिथेच दिसते. शेवटच्या आठवड्यात खर्च उरकायचा असला, की जे पटकन विकत मिळते तेच घेतले जाते. बायकांना काय हवे, हे विचारायला वेळ उरत नाही.

आपल्या गावाच्या नमुना 28 मध्ये 58 हजारांचा खर्च दिसतो. अंगणवाडीची रंगरंगोटी 32 हजार, 8 मार्चचा कार्यक्रम 14 हजार, सॅनिटरी नॅपकिनचे वाटप 12 हजार. साठातले अठ्ठावन्न, म्हणजे जवळजवळ पूर्ण खर्च. लेखापरीक्षकालाही वरवर पाहता काही खटकणार नाही. पण प्रत्येक रक्कम जरा हातात घेऊन बघा.

अंगणवाडीचा रंग नियमात बसतो, कारण शीर्षच मुळी महिला आणि बालकल्याण असे जोडलेले आहे. माझी तक्रार नेमकी या जोडणीबद्दल आहे. मुलांसाठी खर्च झाला की बायकांसाठी झाल्यासारखाच लिहिला जातो आणि कित्येकदा अंगणवाडीच्या फरशा, रंग, खेळणी यांतच सगळा निधी संपतो. मुलांना ते मिळायलाच हवे. पण इमारतीची डागडुजी गावच्या विकास आराखड्यातून, दुसऱ्या निधीतून होऊ शकते. महिलांच्या प्रशिक्षणाला, आरोग्य तपासणीला किंवा संकटात सापडलेल्या बाईला कायदेशीर सल्ला मिळवून द्यायला तसा दुसरा वाली सहसा नसतो. म्हणून नमुन्यात महिलांवर किती आणि बालकांवर किती, अशी फोड करून मागा. ती करायला कोणताही नियम आड येत नाही.

8 मार्चच्या 14 हजारांत मंडप, जेवण, हार-शाली आणि ध्वनिक्षेपक आहे. त्या दिवशी बायका एकत्र आल्या, हे चांगलेच झाले. पण दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे काय राहिले, हे विचारायलाच हवे. त्याच पैशात आरोग्य शिबिरात रक्त तपासणी झाली असती, तर किती जणींचे हिमोग्लोबिन कमी आहे याची यादी तरी आशाताईंच्या हाती आली असती.

राहिले नॅपकिनचे 12 हजार. खर्च खरा की कागदोपत्री, हे इथे चांगले तपासता येते. खर्चाचे प्रमाणक, म्हणजे व्हाउचर मागा. त्यावर दुकानाचे बिल आणि तारीख असते. ही खरेदी मंजूर करणारा मासिक सभेचा ठराव त्या तारखेच्या आधीचा आहे का, ते पाहा. मग साठा नोंदवही उघडा. वस्तू आल्या असतील, तर तिथे जमा दिसतील, वाटल्या असतील तर खर्ची पडलेल्या दिसतील. शेवटी वाटपाची यादी. त्यातल्या चार-पाच जणींना घरी जाऊन विचारले, की उलगडा होतो. ठराव, बिल, साठा, यादी हे चारही दुवे जुळले तर खर्च झाला असे म्हणावे. बिल आहे पण साठ्यात नोंद नाही, असे दिसले तर तिथे थांबून लेखी खुलासा मागावा.

एवढे करूनही एक रक्कम नजरेतून सुटते. ती असते गेल्या वर्षाची शिल्लक. समजा, मागच्या वर्षी या निधीतले 35 हजार खर्चच झाले नव्हते. ते यंदाच्या 60 हजारांत मिळवायला हवे होते. एकूण देणे 95 हजार झाले असते, खर्च झाले 58 हजार, म्हणजे 37 हजार बाकी. पण नवे अंदाजपत्रक तयार होताना ही जुनी शिल्लक ग्रामनिधीच्या मोठ्या रकमेत मिसळून जाते आणि दहा टक्क्यांचा हिशेब दर एप्रिलला शून्यापासून सुरू होतो. माझ्या मते या निधीची सर्वात मोठी गळती हीच आहे. यात कोणी खिशात पैसे घालत नाही, त्यामुळे आरडाओरडाही होत नाही. मागच्या तीन वर्षांचे नमुना 28 शेजारी शेजारी ठेवा, म्हणजे ती दिसेल. लेखापरीक्षण अहवालातही हा निधी पूर्ण खर्च न केल्याचे आक्षेप असतात. तो अहवाल ग्रामसभेपुढे ठेवायला सांगा.

आता थोडे दूर जाऊन पाहू. आपल्या गावाचे स्वउत्पन्न 6 लाख आणि वित्त आयोगाचे आले 15 लाख, असे धरले तर गावाच्या हाती एकवीस लाख होते. त्यातले साठ हजार म्हणजे शेकडा तीनसुद्धा नाहीत. केरळने 1997-98 पासून लोकयोजना मोहिमेत महिला घटक योजना सुरू केली, तेव्हा स्थानिक संस्थांच्या योजना निधीचे दहा टक्के महिलांसाठी ठेवायला सांगितले. टक्के तेवढेच, पण पाया मोठा. आपल्याकडे पाया लहान आहे, म्हणून उरलेल्या पैशांकडे अधिक बारकाईने बघावे लागते.

हा उरलेला पैसा बायकांचा किती, हे ठरवायचे कसे? केंद्र सरकार 2005-06 पासून अर्थसंकल्पासोबत जेंडर बजेटचे विवरणपत्र देते. ज्या योजना पूर्णपणे महिलांसाठी त्या एका भागात, ज्यांत किमान तीस टक्के वाटा महिलांचा त्या दुसऱ्या भागात. 2024-25 पासून तीस टक्क्यांहून कमी वाट्याच्या योजनांचा तिसरा भागही जोडला आहे. या पद्धतीत एक दोष आहे. योजनेचे नाव कोणत्या भागात टाकायचे, हे बसल्या जागी ठरते. घरकुलांवरचा सगळा खर्च शंभर टक्के महिलांचा म्हणून दाखवला गेला, तेव्हा अभ्यासकांनी त्यावर बोट ठेवले, कारण त्या घरात सगळे कुटुंब राहते आणि घर कित्येकदा नवरा-बायको दोघांच्या नावावर असते.

गावाने ही टक्केवारीची नक्कल करू नये, असे मला वाटते. गावाला त्यापेक्षा नेमके विचारता येते. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या निधीपैकी साठ टक्के पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांना बांधून दिले होते. आराखड्यात नवी पाइपलाइन असेल, तर ती कोणत्या वस्तीला जाते? त्या वस्तीत आज पाणी कोण भरते आणि त्यात दिवसाचे किती तास जातात? काम झाल्यावर सहा महिन्यांनी किती जातात? दिवाबत्तीवर खर्च असेल, तर खांब मुख्य रस्त्यावर आहेत की शाळेतून आणि शेतातून मुली-बायका परततात त्या वाटेवर? आराखड्यात प्रत्येक कामापुढे ही उत्तरे एका ओळीत लिहिता येतात, आणि पुढच्या वर्षी तीच ओळ वाचून काम तपासता येते. आराखडा आणि त्यावरचा खर्च ईग्रामस्वराज संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. तिथे एखाद्या कामावर महिलास्नेही गाव असा शिक्का असला, तरी हे प्रश्न विचारायचे सोडू नका.

हे सगळे विचारायची जागा कायद्यानेच दिलेली आहे. महाराष्ट्रात नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते. अनेक गावांत ती केवळ सह्यांपुरती उरली आहे. पुढच्या महिला सभेचे वहीवरचे बोलावणे आले, की सही करण्याआधी ग्रामपंचायत अधिकारी भाऊसाहेबांना सांगा: चालू वर्षाचा आणि मागच्या तीन वर्षांचा नमुना 28 सभेत वाचून दाखवा, मागील शिल्लक किती ते सांगा, आणि महिलांवरचा खर्च बालकांच्या खर्चापासून वेगळा करून दाखवा. या तीन मागण्या सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या आणि ते इतिवृत्त ग्रामसभेत वाचायला लावा. तिथेही उत्तर मिळाले नाही, तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे.