दोन आवाजांच्या मधलं निवेदन



अध्यक्षीय भाषणात सगळ्या क्षेत्राचा आढावा घेण्याची प्रथा आहे. मी ती बाजूला ठेवतो आणि आपल्या कामातल्या एकाच गोष्टीवर बोलतो. मुलाखतींचे दोन तुकडे, म्हणजे आपण ज्यांना बाइट म्हणतो ते, आणि त्यांच्या मधे येणारं दोन-तीन वाक्यांचं निवेदन. श्राव्य माहितीपटात नेमक्या या जागी ऐकणारा हातचा सुटतो. याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: बोलणारा जे सांगणार असतो, ते निवेदक आधीच सांगून टाकतो.

एक उदाहरण रचून घेऊ. विषय मुंबईतल्या गिरणी संपाचा. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला आणि सुमारे अडीच लाख कामगारांचा. आपल्याकडे तीन बाइट आहेत. पहिला साचाखात्यातल्या कामगाराचा: ‘आम्हाला वाटलं, महिनाभर. फार तर दोन. मग परत साच्यावर.’ दुसरा खानावळ चालवणाऱ्या बाईंचा: ‘संप लांबला तेव्हा आमचे फार हाल झाले. माझ्याकडं पंधरा जण जेवायला होते. पैसे येईनात. पण ताट वाढणार नाही असं कुणाला सांगायचं?’ तिसरा संपातल्या एका कार्यकर्त्याचा, तो पुढे येईल.

पहिल्या दोघांमधे सहसा असं निवेदन लिहिलं जातं: ‘संप लवकर मिटेल अशी कामगारांना आशा होती. मात्र तो लांबला आणि खानावळी चालवणाऱ्या महिलांचे अतोनात हाल झाले. याविषयी सांगत आहेत...’ यातलं पहिलं वाक्य कामगाराचं आहे, दुसरं बाईंचं आहे आणि तिसरं नुसती पाटी आहे. निवेदकाचं स्वतःचं असं यात काहीच नाही. बाई बोलायला लागतात तेव्हा त्यांच्या तोंडची गोष्ट शिळी झालेली असते.

आता बाईंच्या बाइटचं पहिलं वाक्य पाहा. ‘संप लांबला तेव्हा आमचे फार हाल झाले’ हे त्या आपल्याला उद्देशून बोललेल्या नाहीत. मुलाखतकाराने विचारलेला प्रश्न त्यांनी उत्तरात परत म्हटला आहे. बहुतेक माणसं असंच बोलायला सुरुवात करतात, आणि त्यांचं खरं बोलणं दुसऱ्या वाक्यापासून सुरू होतं. म्हणून पहिलं वाक्य कापावं आणि बाइट ‘माझ्याकडं पंधरा जण’ इथून घ्यावा. कापताना श्वास कुठे घेतला आहे ते ऐकावं. श्वासाच्या अलीकडे कापलं तर बाई नुकत्याच तोंड उघडून बोलू लागल्या असं वाटतं. श्वासाच्या मधोमध कापलं तर कात्री ऐकू येते. दोन वाक्यं एका दमात म्हटली गेली असतील तर मुळीच कापू नये. तेव्हा वाक्य बाईंकडे राहू द्यावं आणि निवेदनानं त्या विषयाला हात लावू नये.

कापलेल्या वाक्याच्या जागी मग काय लिहायचं? दोघांपैकी कुणीच सांगितलेलं नाही, पण ज्याच्याशिवाय दोघांचं नातं कळत नाही, तेवढंच. ते असं: ‘गिरणीतल्या पुष्कळ कामगारांची कुटुंबं गावी होती, कोकणात, घाटावर. त्यांचं पोट चाळीतल्या खानावळीवर, आणि खानावळीचा हिशेब पगाराच्या दिवशी.’ सावकाश वाचलं तर सेकंदाला साधारण दोन शब्द होतात, म्हणजे हे निवेदन दहा सेकंदांच्या आत संपतं. ‘महिनाभर, फार तर दोन’ हे ऐकणाऱ्याच्या कानात अजून ताजं असतं. पगाराचा दिवस म्हटल्याबरोबर तो स्वतः हिशेब करतो. संप लांबला, हाल झाले, हे आपण म्हटलेलं नाही, तरी ते त्याला कळतं. आपण पंधरा हा आकडाही घेतलेला नाही. बोलणाऱ्याने आकडा सांगितला असेल तर तो त्याचाच राहिला पाहिजे, कारण त्या पंधरा ताटांचं ओझं बाईंच्या आवाजात आहे, आपल्या आवाजात नाही.

तिसरा बाइट असा सुरू होतो: ‘ते आमच्या हातात नव्हतंच.’ इथे अडचण निराळी आहे. ‘ते’ म्हणजे काय, हे बाइटमधे नाही, मुलाखतकाराच्या प्रश्नात होतं आणि प्रश्न आपण काढून टाकला आहे. तेव्हा ‘ते’ कशाला लागायचं हे निवेदनानं पुरवलं पाहिजे, आणि तेही मराठीच्या लिंगवचनात बसवून. निवेदन ‘मालकांशी बोलणी’ या शब्दांवर संपलं तर पुढचं ‘ते’ अधांतरी राहतं, कारण कान ‘ती’ची वाट पाहत असतो. म्हणून शेवट असा: ‘कामगार दत्ता सामंतांच्या मागे उभे होते. १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने मात्र मान्यता होती राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. बोलणी कुणाशी व्हायची, हे कायद्यानं आधीच ठरवून टाकलं होतं.’ आणि लगेच: ‘ते आमच्या हातात नव्हतंच.’ हे निवेदन पहिल्यापेक्षा लांब आहे आणि असायलाच हवं. कायदा कुठल्याच बोलणाऱ्याने समजावून सांगितलेला नाही, ते काम निवेदनाचं आहे.

‘सांगतात’, ‘म्हणतात’ यांबद्दलही बोललं पाहिजे. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे ‘अमुक तमुक सांगतात’ असा शेवट झाला की प्रत्येक बाइटपूर्वी तीच घंटा वाजते. नाव वाक्याच्या आत घ्यावं, आणि पहिल्या खेपेलाच पूर्ण ओळख द्यावी. पुढच्या वेळी ‘खानावळीत’ एवढा एक शब्द पुरतो. ‘कबूल करतात’ आणि ‘दावा करतात’ ही क्रियापदं मी संहितेत दिसली की खोडतो. पहिल्यानं माणूस गुन्हेगार ठरतो, दुसऱ्यानं खोटारडा, आणि दोन्ही निकाल आपण पुराव्याशिवाय दिलेले असतात.

दोन बोलणारे एकमेकांच्या विरुद्ध बोलतात तेव्हा लेखकाचा हात शिवशिवतो. एक म्हणतो संप वर्ष-दीड वर्षात संपला, दुसरा म्हणतो तो अजून संपलेला नाही. इथे ‘मात्र’ किंवा ‘वस्तुतः’ लिहिलं की आपण एकाची बाजू घेतली. दोघांना शेजारी ठेवावं, मधे काहीही लिहू नये. वस्तुस्थिती नंतर एका वाक्यात सांगता येते: संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. हे कळल्यावर दोघंही आपापल्या जागी खरे वाटू लागतात.

मग निवेदक पुरताच का काढू नये, असं तरुण मित्र विचारतात. काढता येतो. १९५८ साली बीबीसीसाठी चार्ल्स पार्कर, युअन मॅककॉल आणि पेगी सीगर यांनी जॉन ॲक्सन या इंजिनचालकाच्या मृत्यूवर नभोवाणी बॅलड केलं. त्यात निवेदक नाही. रेल्वे कामगारांच्या बोलण्यातून गाणी रचली आणि त्या गाण्यांनी दुवे सांभाळले. पण तिथेही दुवा गेला नाही, त्याचं काम गाण्याकडे गेलं. आपल्या उदाहरणातला कायद्याचा मुद्दा कुणीतरी सांगावाच लागेल.

लिहून झाल्यावर मी दोन परीक्षा घेतो. आधी नुसते बाइट ओळीनं ऐकतो आणि जिथे वाट चुकते तिथेच खूण करतो. खूण नसलेल्या जागी निवेदन असेल तर ते काढून पाहतो. मग नुसती निवेदनं सलग वाचतो. त्यांतून सगळी कथा कळत असेल तर निवेदन फार बोललं आहे. त्यांत जागोजागी भोकं पडलेली दिसली पाहिजेत.

आणखी एक गोष्ट स्टुडिओतली. निवेदकाला आपण फक्त त्याची वाक्यं छापून देतो. बाई थांबताना हळू झाल्या आहेत की चिडल्या आहेत, हे त्याला ठाऊक नसतं, आणि तो बातम्यांच्या पट्टीत सुरू करतो. निर्दोष लिहिलेलं निवेदनही मग उपरं वाटतं. म्हणून संहितेत प्रत्येक बाइटचे शेवटचे चार-पाच शब्द छापावेत, आणि वाचनाआधी त्या बाइटचा शेवट निवेदकाच्या हेडफोनमधे वाजवावा. ‘कुणाला सांगायचं?’ हे ऐकून जो सुरू करतो, त्याचा पहिला शब्द वेगळा पडतो.