सोयाबीन कुठं गेलं? गोदामाची वही, घट आणि तूट

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं होतं की गटाचं गोदाम चालवताना वही नेमकी कशी ठेवायची. मी लातूर भागातल्या एका शेतकरी गटाच्या गोदामाचा हिशेब बघतो, त्यामुळे हा भाग सोयाबीनवरच बोलतो. हरभरा-तुरीला गणित तेच लागतं, फक्त आकडे बदलतात.

दरवर्षी मार्चमध्ये आमच्याकडे एकच प्रश्न येतो. ऑक्टोबरमध्ये शंभर क्विंटल आत गेलं, आता साडेशहाण्णवच्या आतबाहेर भरतंय. साडेतीन क्विंटल गेलं कुठं? कुणी म्हणतं उंदीर, कुणी म्हणतं हमाल, आणि कुणी काहीच न बोलता गोदामवाल्याकडं बघतं. हे बघणं फार वाईट. पुढच्या हंगामात दोन-चार सभासद माल थेट आडतीवर नेतात, ते याच बघण्यामुळं.

म्हणून आम्ही वहीत दोन शब्द वेगळे ठेवलेत. पाणी उडून गेल्यामुळं जे वजन कमी होतं ती घट. आणि माल खरोखर कमी झाला, म्हणजे सांडला, किडीनं खाल्ला, कुणी नेला, तर ती तूट. बोलताना लोक ‘घट-तूट’ असं एकत्रच म्हणतात आणि तिथंच सगळा घोटाळा होतो. घटीला कुणीही जबाबदार नसतं. तुटीला असतं.

आता या दोन्ही वेगळ्या काढायच्या कशा? सोयाबीनच्या दाण्यात दोन गोष्टी असतात, पाणी आणि बाकीचा कोरडा माल. मीटरवर १४ आलं, म्हणजे त्या शंभर किलोत १४ किलो पाणी आणि ८६ किलो कोरडा माल. गोदामात हवा लागून पाणी उडतं. ८६ किलो मात्र तिथंच राहतात. ते हवेनं उडत नाहीत. त्यामुळे वहीत खरी जपायची गोष्ट कोणती, तर हा कोरडा माल.

इथं एक चूक फार लोक करतात. मीटर १४ वरून १० वर आला, म्हणजे चार टक्के घट, असं धरतात. तसं होत नाही. ओलावा १० झाला तेव्हा तो ८६ किलो कोरडा माल एकूण वजनाच्या ९० टक्के असतो. ८६ भागिले ०.९० करा, ९५.५६ किलो येतात. म्हणजे घट ४.४४ किलो. शंभर किलोमागं हा अर्धा किलोसुद्धा नाही, पण शंभर क्विंटलला ४४ किलो होतात, आणि तेवढ्यावरून बैठकीत आवाज चढतो.

चला, एक लॉट पूर्ण करून बघू. समजायला सोपे जावेत म्हणून आकडे गोल घेतलेत. तीन सभासद. एका काकांनी ४० क्विंटल आणलं, ओलावा १०. मळणीनंतर त्यांनी ताडपत्रीवर चांगलं वाळवलेलं. एका ताईंचं ३५ क्विंटल, ओलावा १२. आणि एका दादाचं २५ क्विंटल, ओलावा १४, कारण पावसाचं सावट होतं आणि त्यानं घाईत मळलं. एकूण बरोबर शंभर क्विंटल, पन्नास किलोचे दोनशे कट्टे.

कोरडा माल काढला तर काकांचा ३६, ताईंचा ३०.८०, दादाचा २१.५०. बेरीज ८८.३० क्विंटल. वहीत हा आकडा आम्ही लाल पेनानं लिहितो.

मार्चमध्ये विक्रीच्या दिवशी ओलावा ९ आला. मग वजन किती भरायला हवं? ८८.३० भागिले ०.९१, म्हणजे ९७.०३ क्विंटल. काट्यावर भरलं ९६.४०. आता साडेतीन क्विंटलचं भूत उरत नाही. २.९७ क्विंटल ही घट, ते पाणी होतं. ज्याचा हिशेब द्यावा लागतो ती तूट फक्त ६३ किलो.

त्या ६३ किलोंकडं येतो. त्याआधी वाटणी, कारण खरा अन्याय तिथं होतो.

बहुतेक गट काय करतात? शंभराचं ९६.४० झालं, म्हणजे सगळ्यांना सरसकट ३.६ टक्के कापा. काकांना मिळतात ३८.५६ क्विंटल, ताईंना ३३.७४, दादाला २४.१०. वरवर बघता सगळ्यांना सारखं. पण काकांनी पाणी आणलंच नव्हतं तेवढं! कोरड्या मालाच्या हिश्शानं वाटलं तर काकांचे ३९.३०, ताईंचे ३३.६३ आणि दादाचे २३.४७ होतात. म्हणजे सरसकट कापणीत काकांचे ७४ किलो गेले. त्यातले ६३ दादाच्या खात्यात आणि ११ ताईंच्या. साडेचार हजाराचा भाव धरला तर काकांना ३,३३० रुपयांचा फटका, तोही माल नीट वाळवून आणल्याबद्दल. पुढच्या वर्षी काका कशाला वाळवतील? आणि सगळ्यांनीच ओला माल आणायला सुरुवात केली की थप्पी आतून गरम होते, बुरशी धरते, मग वजनाचा प्रश्न राहत नाही, मालाचाच राहतो.

(दादावर माझा राग नाही हं. पावसात सापडलेला माणूस मळणी करणारच. फक्त त्याच्या पाण्याचे पैसे काकांनी का द्यायचे, एवढंच.)

हे सगळं मोबाईलच्या शीटमध्ये बसतं. चौथ्या रकान्यात निव्वळ वजन, पाचव्यात ओलावा, सहाव्यात कोरडा माल. पहिली ओळ सहाव्या रकान्यात टाका आणि खाली ओढा. दुसरी ओळ विक्रीच्या दिवशीची, ९ च्या जागी त्या दिवशीचा ओलावा.

```
=D2*(100-E2)/100
=SUM(F2:F4)*100/(100-9)
```

शीट सोपी आहे. अवघड आहे ते त्यात जाणारे दोन आकडे खरे मिळवणं.

पहिला आकडा वजन. निव्वळ म्हणजे बारदाना वजा करून. ज्यूटचं पोतं अर्ध्या किलोच्या थोडं वर असतं, प्लास्टिकचा कट्टा शंभर-दीडशे ग्रॅमचा. माल ज्यूटमध्ये आला, पोत्यासकट लिहिला, आणि विकताना प्लास्टिकमध्ये भरून पोत्यासकटच मोजला, तर दोनशे नगांवर नव्वद किलोच्या आसपास माल कागदावरच गायब होतो. कुणी चोरलेला नसतो. आत येताना आणि बाहेर जाताना काटा शक्यतो तोच ठेवा. आत छोट्या काट्यावर आणि बाहेर ट्रकच्या काट्यावर मोजणार असाल, तर मोजलेले वीस-तीस कट्टे एकदा दोन्हीकडं टाकून फरक किती येतो ते लिहून ठेवा.

दुसरा आकडा ओलावा, आणि ६३ किलोंचं उत्तर बरंचसं इथं आहे. समजा विक्रीच्या दिवशी मीटरनं ९ दाखवलं, पण खरा ओलावा साडेआठ होता. मग अपेक्षित वजन ८८.३० भागिले ०.९१५, म्हणजे ९६.५० क्विंटल. भरलं ९६.४०. तूट ६३ वरून थेट १० किलोवर! अर्ध्या टक्क्याच्या चुकीनं ५३ किलो इकडचे तिकडं होतात. म्हणून शंभर क्विंटलमागं पन्नास-साठ किलोंच्या तुटीवर आम्ही कुणाला जाब विचारत नाही. तेवढं मीटरच्या पोटात जातं. तीन-चार क्विंटलची तूट मात्र मीटरवर ढकलता येत नाही. त्यासाठी मीटर तीन टक्क्यांनी चुकावा लागेल.

मीटर चुकतो तो कसा? पीक निवडताना गव्हाचं बटण तसंच राहतं आणि सोयाबीन त्यावर मोजलं जातं. उन्हातून आलेला गरम दाणा लगेच कपात ओततात. किंवा फक्त पोत्याच्या तोंडाचा मूठभर माल घेतात, आणि तोंडाचा माल बऱ्याचदा जास्त वाळलेला असतो. आम्ही पोत्यात टोकदार नळी खुपसून मधला माल काढतो, दहा-बारा पोत्यांचा एकत्र करतो, थोडा वेळ सावलीत ठेवतो, मग तीनदा मोजून सरासरी लिहितो. वजन आणि ओलावा एकाच दिवशी. संध्याकाळी वजन आणि ओलावा परवा, असं केलं की ते दोन आकडे एकमेकांचे राहत नाहीत.

आता उलटी गोष्ट. पावसाळ्यापर्यंत माल ठेवला तर दाणा हवेतलं पाणी परत ओढतो. तोच लॉट ऑगस्टमध्ये काढला आणि ओलावा १३ झालेला असला, तर वजन १०१.४९ क्विंटल भरायला हवं. काट्यावर बरोबर शंभर भरले तर काय होईल? सगळे खूश, ‘एक किलो घट नाही’ म्हणून गोदामवाल्याचं कौतुक. आणि प्रत्यक्षात दीड क्विंटल माल गायब. मार्चच्या तुटीपेक्षा दुपटीहून जास्त, आणि कुणाला पत्ताही नाही. पावसाळ्यात ‘पूर्ण भरलं’ ऐकलं की मी आधी मीटर मागवतो.

प्रत्येक थप्पीला एक कार्ड लटकवायचं: तारीख, कट्टे, निव्वळ वजन, ओलावा, कोरडा माल. दर पंधरा दिवसांनी ओलावा मोजून त्याच कार्डावर लिहायचा आणि कार्डाचा फोटो गटाच्या ग्रुपवर टाकायचा. मग फेब्रुवारीत ९ ला आलेला माल एका पंधरवड्यात अचानक ११ दाखवायला लागला, तर छत गळतंय का, खालून ओल येतेय का, कीड लागून थप्पी तापतेय का, हे तेव्हाच बघता येतं. नमुन्यासाठी काढलेला माल, चाळणीत गेलेली माती-कचरा, फाटलेल्या कट्ट्यातून झाडून काढलेलं, हे सगळं मोजून तिथंच लिहायचं. तुटीतली जी काही किलो अशी सापडतात, ती सापडलेली बरी.

राहिली तूट कुणी सोसायची ही गोष्ट. आमच्याकडं हे हंगामाआधीच्या बैठकीत ठरतं आणि इतिवृत्तात लिहिलं जातं: कोरड्या मालाच्या एक टक्क्यापर्यंत तूट आली तर ती सगळ्यांची, प्रत्येकाच्या हिश्शानं. त्याच्यावरची गट सोसतो, आणि ती का आली हे थप्पीचं कार्ड समोर ठेवून बैठकीत सांगावं लागतं. या लॉटमध्ये ९७.०३ वर ६३ किलो, म्हणजे ०.६५ टक्के. वाटून टाकली. काकांनी मात्र शीट दोनदा तपासली, स्वतःच्या मोबाईलवर, आणि दुसऱ्यांदा तपासताना दादाला शेजारी बसवून घेतलं.