अंगावरून जास्त जातंय? अंगावर काढू नका

बचत गटाच्या बैठकीत कर्जाचे हप्ते, बियाणे, मुलांच्या शाळा असे सगळे विषय निघतात. पाळीचा विषय मात्र बैठक उठल्यावर, चपला घालताना, हळू आवाजात निघतो. "दोन-दोन पॅड लावले तरी साडीला डाग पडतो. अंगात जीवच राहत नाही." हे वाक्य आम्ही गावोगावी ऐकतो. आज आम्ही त्याच्यावरच बोलणार आहोत.

जास्त रक्त जाणं म्हणजे नेमकं किती? एका पाळीत सगळे दिवस मिळून साधारण 30 ते 40 मिलिलिटर रक्त जातं. औषधाच्या बाटलीबरोबर पाच मिलिलिटरचा चमचा येतो, त्या मापाने सहा ते आठ चमचे. सोळा चमच्यांच्या पुढे गेलं तर ते जास्तच. पण घरी चमच्याने कोण मोजणार? म्हणून दुसऱ्या खुणा बघायच्या. पॅड किंवा कापडाची घडी दर एक-दोन तासांनी पूर्ण भिजते. एकावर एक दोन घड्या लावाव्या लागतात. रात्री बदलायला उठावं लागतं, नाहीतर अंथरूण खराब होतं. पाच-दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या गाठी पडतात. पाळी सात दिवसांच्या पुढे लांबते. यातली एक जरी खूण दर महिन्याला दिसत असेल, तर तुमची पाळी जास्त आहे. "आमच्या घरात सगळ्यांना असंच जातं" म्हणून ते बरोबर ठरत नाही. घरातल्या सगळ्याच जणींना त्रास असू शकतो.

आता थकवा का येतो ते बघू. हा गटाच्या वहीसारखाच जमाखर्च आहे. रक्तात लोह असतं. जेवणातून रक्तात रोज जेमतेम एक ते दोन मिलिग्रॅम लोह जमा होतं. त्यातलं बरंचसं शरीराच्या रोजच्या झिजेत जातं. आणि सोळा चमचे रक्त गेलं की जवळजवळ 40 मिलिग्रॅम लोह एका पाळीत खर्ची पडतं. दर महिन्याला जमेपेक्षा खर्च जास्त, मग शिल्लक संपते. शिल्लक संपली की हिमोग्लोबिन उतरतं. चढ चढताना धाप लागते, छातीत धडधडतं, डोकं दुखतं, केस गळतात, काहींना माती किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. हा आळस नव्हे, आणि नुसतं वयही नव्हे.

आमच्या ओळखीच्या एका ताईंचं सांगतो. वय एक्केचाळीस, शेतमजुरी, दोन मुलं. कापूस वेचायला गेल्या की दुपारी बांधावर बसून राहायच्या. आम्ही त्यांना म्हटलं, डॉक्टरांकडे जायच्या आधी एक पाळी कॅलेंडरवर लिहा. पूर्ण भिजलेल्या घडीला एक रेघ, अर्ध्या भिजलेल्या घडीला अर्धी रेघ, मोठी गाठ पडली तर गोल. पाळी संपल्यावर रेघा मोजल्या. पहिल्या दिवशी चार, दुसऱ्या दिवशी नऊ, तिसऱ्या दिवशी आठ, मग पाच, तीन, दोन, एक, एक. आठ दिवसांत 33 घड्या आणि सहा गोल. "जास्त जातं" म्हटल्यावर आधी कुणी लक्ष दिलं नव्हतं. हा कागद समोर ठेवल्यावर डॉक्टरांनी लगेच तपासण्या लिहून दिल्या.

तपासण्या कोणत्या झाल्या? पहिली हिमोग्लोबिनची. बाईचं हिमोग्लोबिन गरोदर नसताना 12 च्या वर हवं. ताईंचं 8.2 निघालं. 8 च्या खाली गेलं की ते तीव्र समजतात आणि मोठ्या दवाखान्यात पाठवतात, म्हणजे त्या अगदी काठावर होत्या. दुसरी तपासणी गरोदरपणाची, कारण दिवस गेलेले असतानाही रक्त जाऊ शकतं. तिसरी थायरॉइडची, ती ठीक आली. चौथी सोनोग्राफी. त्यात गर्भाशयात लिंबाएवढी गाठ दिसली. अशा गाठी पुष्कळ बायकांना असतात आणि बहुतेक वेळा त्या कॅन्सरच्या नसतात. प्रत्येकीचं कारण गाठच असेल असं नाही. कुणाला तांबी बसवल्यापासून जास्त जातं, कुणाची पाळी जायचं वय जवळ आलेलं असतं. एखाद्या मुलीला पहिल्या पाळीपासूनच खूप जात असेल, दात काढल्यावरही रक्त लवकर थांबत नसेल, तर तिची रक्त गोठण्याची तपासणी करायला हवी.

ताईंना दोन प्रकारची औषधं मिळाली. एक, लोहाच्या गोळ्या. त्या खर्च झालेली शिल्लक भरून काढतात. दुसरी, रक्तस्राव कमी करणारी गोळी. ती फक्त जास्त रक्ताच्या तीन-चार दिवसांत घ्यायची. ती पाळी थांबवत नाही, कमी करते. पण ही गोळी चिठ्ठीशिवाय दुकानातून आणायची नाही. ज्यांच्या पायाच्या शिरेत कधी रक्ताची गुठळी झाली असेल त्यांना ती चालत नाही. सणासाठी किंवा जत्रेसाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांचंही तेच. त्या मनाने घेतल्या की बंद केल्यावर एकदम भरपूर जाऊ शकतं.

लोहाच्या गोळीबद्दल थोडं. ती चहा किंवा दुधाबरोबर घेतली तर लोह अंगाला लागत नाही, आधी-नंतर निदान एक तास सोडा. लिंबूपाण्याबरोबर किंवा आवळ्याबरोबर घेतली तर चांगली लागते. मळमळत असेल तर जेवणानंतर घ्या. शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नका. महिन्याभराने हिमोग्लोबिन पुन्हा तपासा. निदान एकाने वाढलेलं हवं. वाढलं नसेल तर गोळी नीट घेतली जात नाही, किंवा रक्त अजून तेवढंच जातंय, किंवा कारण वेगळं आहे. पुन्हा दाखवा. आकडा 12 वर गेला तरी गोळ्या लगेच सोडायच्या नाहीत, साधारण तीन महिने पुढे चालू ठेवायच्या, म्हणजे शिल्लक तयार होते. पालेभाजी, कडधान्य, हळीव, गूळ-शेंगदाणे, खात असाल तर मटण, कलेजी, मासे हे सगळं चांगलंच. पण 8 वर आलेलं हिमोग्लोबिन नुसत्या लाडवांनी वर येत नाही.

ताईंचं तीन महिन्यांनी 11.1 झालं. दुसऱ्या दिवशीच्या घड्या नऊवरून पाचवर आल्या. गाठ आहे तिथेच आहे, पण पाळी गेल्यावर अशा गाठी बहुधा आक्रसतात, म्हणून डॉक्टर ती लक्षात ठेवून आहेत. मधे एका ठिकाणी त्यांना "पिशवीच काढून टाका" असं सांगितलं होतं. त्यांनी जिल्हा रुग्णालयात दुसरं मत घेतलं, हे बरं केलं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्याचं उघड झाल्यावर 2019 मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली होती. काही जणींना ऑपरेशन खरोखर लागतं. पण गोळ्या, हार्मोनची तांबी, नुसती गाठ काढणं हे मार्ग आधी विचारायचे. कमी वयात पिशवी काढली तर पाळी जाण्याचे त्रासही लवकर सुरू होऊ शकतात.

आता ते चार दिवस घरी कसे काढायचे? घडी पूर्ण भिजली नसली तरी चार ते सहा तासांत बदला. रात्री मोठी घडी लावा आणि खाली जुनी गोधडी, तिच्याखाली रबरी कापड अंथरा. कापड वापरत असाल तर आधी गार पाण्यात, मग साबणाने धुवा आणि उन्हात वाळवा. आडोशाला ओलसर ठेवू नका. पाणी, ताक, मीठ घातलेली पेज थोड्या थोड्या वेळाने घ्या. झोपेतून उठताना आधी कडेला बसा, मग उभ्या राहा. चक्कर येत असेल तर विहिरीवर, माळ्यावर, चुलीपाशी एकट्या जाऊ नका. पोट दुखत असेल तर गरम पाण्याची पिशवी लावा. अ‍ॅस्पिरिन घेऊ नका, तिने रक्त वाढतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचं पाणी भरणं आणि जड ओझं घरातल्या दुसऱ्या कुणी करावं, हे पाळी यायच्या आधीच घरात बोलून ठेवा. त्या दिवशी बोलायचंही त्राण नसतं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. कधी थांबायचं नाही?

एक, सलग दोन तास, दर तासाला एक घडी पूर्ण भिजली. दोन, उभं राहिल्यावर डोळ्यांसमोर अंधारी येते, बसल्या जागी धाप लागते, थंड घाम येतो किंवा बाई बेशुद्ध पडते. तीन, पाळी चुकली होती किंवा दिवस गेल्याची शक्यता आहे आणि रक्त जातंय, त्यातही पोटात एका बाजूला जोराची कळ असेल तर अजिबात वेळ घालवू नका. गर्भ नळीत असला तर पोटात आतल्या आत रक्त जातं, बाहेर थोडंच दिसतं. चार, बाळंतपणानंतर किंवा गर्भपातानंतर भरपूर जातंय, किंवा ताप आणि घाण वास आहे. यातलं काहीही असेल तर सकाळची वाट बघू नका. 108 ला फोन करा.

गाडी येईपर्यंत बाईला आडवं झोपवा, पाय उशीवर उंच ठेवा, अंगावर पांघरूण घाला. आत कापडाचा बोळा घालू नका. रक्त आत साठतं आणि किती गेलं ते कळत नाही. तहान लागली तर घोटभर पाणी द्या, जेवण नको. मोटरसायकलवर मागे बसवून नेऊ नका, वाटेत भोवळ आली तर पडेल. किती वाजल्यापासून किती घड्या भिजल्या ते लिहून घ्या आणि जुने कागद बरोबर ठेवा.

पाळी पूर्ण बंद होऊन वर्ष झालं आणि पुन्हा थोडं जरी रक्त दिसलं, तर गाडी बोलवायची गरज नाही, पण त्याच आठवड्यात दाखवा. तिथे कॅन्सर नाही ना, हे बघावंच लागतं.

तर मैत्रिणींनो, येत्या पाळीपासून कॅलेंडरवर रेघा ओढायला लागा. पाळी संपली की आशाताईंना कागद दाखवा आणि उपकेंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. बोटाला सुई टोचून ते तिथेच कळतं. आकडा गटाच्या वहीत स्वतःच्या नावापुढे लिहायला कुणाची हरकत नसेल तर लिहा, म्हणजे महिन्याने वाढला की नाही हे सगळ्या मिळून बघता येईल.